बाटली राहू द्या, शिल्लक लघवी मोजा

यवतमाळच्या दवाखान्यांत सत्तरीकडचे शेतकरी हल्ली लघवीच्या त्रासावरच्या कॅप्सूलची बाटली घेऊनच येतात. मुलाने पुण्याहून पाठवलेली असते. तीत सॉ पाल्मेटो, गोखरू, वरुण आणि भोपळ्याच्या बियांचा अर्क असतो. ‘फरक हाये जी, डॉक्टरसाहेब,’ असं ते सांगतात.

तो फरक खोटा नसतो. उत्तर अमेरिकेतल्या कॅमस चाचणीत (२०११) ३६९ पुरुषांपैकी काहींना सॉ पाल्मेटो आणि बाकीच्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली. रोजची मात्रा ३२० मिलिग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने ९६० वर नेली. ७२ आठवड्यांनी लक्षणांचे गुण अर्क घेणाऱ्यांत सुमारे दोनने उतरले, तर निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांत तीनने! गोखरू आणि वरुणाची इतकी कसून परीक्षा झालेलीच नाही. म्हणजे ‘बरं वाटतंय’ हे खरं असूनही त्यावरून औषधाचा गुण ठरत नाही. आणि मूत्राशयाची अवस्था तर मुळीच कळत नाही.

असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. घाटंजी तालुक्यातले ६८ वर्षांचे बाबा. चार महिने कॅप्सूल घेतल्यावर गुण १९ वरून १५ वर आले आहेत, घाई कमी झाली आहे. मात्र महिनाभर पहाटे अंथरूण ओलं होतं. ते बाबा सांगत नाहीत, दाराशी उभी असलेली सून हळूच सांगते. हे वाक्य ऐकलं की आधी हात पोटावर जायला हवा. बेंबीखाली फुगीर लागतं, बोटाने ठोकलं की बद्द आवाज येतो. लघवी करून आल्यावर केलेल्या सोनोग्राफीत ४५० मिलि शिल्लक, दोन्ही मूत्रपिंडांना सूज, क्रिएटिनिन २.८. घाई कमी झाली ती ताणलेल्या मूत्राशयाची जाणीव मंदावल्यामुळे.

अशा वेळी टॅमसुलोसिन लिहून घरी पाठवणं घातक आहे. कॅथेटर घालावा आणि रुग्णाला भरती करून तासातासाला लघवी मोजावी. अडथळा सुटल्यावर पुष्कळ लघवी होऊन सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं. पुढे मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवावं.

याउलट गुण सात, शिल्लक ४० मिलि, लघवीत रक्त वा संसर्ग नाही आणि क्रिएटिनिन ठीक असेल, तर बाटलीवरून रागावू नये. रागावलो की पुढच्या खेपेला ती घरीच राहते, आणि ते काय घेतात हे आपल्याला कळतच नाही. फायद्याचा पुरावा नाही हे सरळ सांगावं, पैसे वाचवायचे की नाही ते त्यांना ठरवू द्यावं. पीएसए वाढलेला दिसला, तर ‘बाटली चालू आहे’ म्हणून तो नजरेआड करू नये. सॉ पाल्मेटोने पीएसए बदलत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावं, आणि तेव्हा गुणांबरोबर शिल्लक लघवीही मोजावी.