पुडीतली 'ताकद' आणि हृदयाचा धोका

रेल्वे रुळांलगतच्या भिंती, लोकलचे डबे, एसटी स्थानकांतील स्वच्छतागृहे आणि रस्त्याकडेला उभारलेले जडीबुटीचे तंबू यांवरचा मजकूर वर्षानुवर्षे तोच आहे: 'मर्दानी कमजोरी, शीघ्रपतन, गुप्तरोग, शर्तिया इलाज, पहिल्या पुडीत फरक.' यातले शेवटचे आश्वासन कधी कधी खरे ठरते, आणि खरा धोका तिथेच आहे.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना तपासणीत आढळले आहे. सिल्डेनाफिल म्हणजे 'व्हायग्रा' या नावाने प्रसिद्ध झालेले ॲलोपॅथीचे औषध. डॉक्टर ते देतात तेव्हा २५, ५० किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी मोजून देतात. पुडीत मात्र ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

समजा, बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठ वर्षांपासून मधुमेह, चालताना छातीत दुखते म्हणून खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी. संकोचामुळे ते नेहमीच्या डॉक्टरांना काही विचारत नाहीत, तंबूतून पुडी आणतात. तासाभरात फरक पडतो आणि जडीबुटीवर विश्वास बसतो. त्याच रात्री छातीत दुखू लागते, ते सवयीने सॉर्बिट्रेट घेतात. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आल्यावर रक्तदाब एकदम कोसळतो. चक्कर येते, शुद्ध हरपते, प्रसंगी जीवही जातो. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर निदान २४ तास सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे देऊ नयेत, हा वैद्यकशास्त्रातला पक्का नियम आहे. म्हणूनच छातीत दुखत असलेल्या पुरुषाला अपघात विभागात 'ताकदीचे काही औषध घेतले का?' असे विचारले जाते. लाजेपोटी दिलेले 'नाही' हे उत्तर त्याच्या जिवावर बेतू शकते. इतकेच नव्हे, 'आयुर्वेदिक चूर्ण घेतले' असे सांगणाऱ्यालाही आपण प्रत्यक्षात काय घेतले, हे माहीत नसते.

दुसरे नुकसान सावकाश होते. लिंगाला ताठरता येते ती रक्तप्रवाहामुळे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. त्यामुळे मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा परिणाम आधी तिथे जाणवतो. हृदयविकाराची लक्षणे अनेकदा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दिसतात. म्हणजे ज्याला जाहिरात 'कमजोरी' म्हणते, ती चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाला मिळालेली पूर्वसूचना असू शकते. पुडी ही सूचना झाकून टाकते आणि तपासणीची वेळ निघून जाते.

खरा वैद्यकीय सल्ला ओळखायचा तो यावरूनच. डॉक्टर आधी प्रश्न विचारतात: त्रास कधीपासून आहे, पहाटे ताठरता येते का, झोप आणि मन कसे आहे, कोणती औषधे चालू आहेत? पहाटे ताठरता येत असेल, तर कारण बहुधा चिंता किंवा ताण असते. रक्तदाबाच्या व नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो आणि गोळी बदलल्यावर तो कमी होऊ शकतो. मग रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले जाते, गरजेनुसार ईसीजी काढला जातो. त्यानंतरच औषध, तेही नाव आणि मात्रा लिहून, खाली सही व नोंदणी क्रमांकासह. 'हमखास' हा शब्द त्यात नसतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, तर आयुर्वेदाच्या वैद्याची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे. भोंदू मात्र नाडी धरून किंवा नुसते वय विचारून निदान करतो, बिननावाची पुडी देतो, चिठ्ठी देत नाही आणि पुढच्या वेळी अधिक महागडे 'भस्म' सुचवतो.

मुळात ही जाहिरातच गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी घातली आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. तरीही भिंती रंगतच राहतात, कारण फसलेला माणूस तक्रारीला पुढे येत नाही. पोस्टर फाडणे प्रशासनाचे काम आहेच. मात्र मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी हा प्रश्न आपणहून विचारला, तर रुग्णाला तंबूची पायरी चढावी लागणार नाही. आणि ज्यांनी अशी पुडी घेतली आहे, त्यांनी ती फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी.