मोटर बंद पडली, हे कुणी सांगायचे?

जानेवारी २०२३मध्ये ‘पठाण’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित होण्याच्या बेतात असताना काही दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. चित्रपट आम्हालाही पाहता यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. चित्रपट तयार झालेला होता आणि प्रदर्शन तोंडावर आले होते, त्यामुळे चित्रपटगृहांपुरती सक्ती झाली नाही. ओटीटीवर येताना मात्र त्याला हिंदी कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे दृश्यांचे बोलके वर्णन, जोडावे असे न्यायालयाने निर्मात्यांना सांगितले. पुढे मार्च २०२४मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत मिळाली, बाकीच्यांना त्याहून जास्त.

या सोयी जोडा, असे कायदा सांगतो. कॅप्शनमध्ये काय लिहायचे आणि वर्णनात काय बोलायचे, हे मात्र करणाऱ्यालाच ठरवावे लागते. पुष्कळांची समजूत अशी की संवाद उतरवून पडद्याखाली टाकले की बहिऱ्यांचे काम झाले आणि चार सुंदर वाक्ये वाचली की अंधांचे. माझे मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते बनले आमच्या निमगाव केतकीच्या एका नऊ मिनिटांच्या व्हिडिओवरून.

इंदापूर तालुक्यातले आमचे गाव विड्याच्या पानांसाठी ओळखले जाते. गावातल्या दोन मुलांनी पानमळ्यावर व्हिडिओ तयार केला. त्याला कॅप्शन आणि वर्णन जोडायचे ठरले, तेव्हा कादंबऱ्या लिहितो म्हणून शब्दांचे काम माझ्याकडे आले. खरे सांगायचे तर या कामात कादंबरीपेक्षा बँकेतली नोकरी जास्त उपयोगी पडली. इथे सगळा हिशेब सेकंदांचा असतो आणि शिल्लक नेहमी कमीच असते.

त्यातला एक प्रसंग घेऊ. वेलापाशी उभा शेतकरी म्हणतो, ‘पान असं धरायचं.’ मग तो गप्प राहून हात चालवतो. पुन्हा म्हणतो, ‘अन् असं खुडायचं.’ तेवढ्यात तो मान वर करतो, हातातली पाने पाटीत टाकतो आणि विहिरीकडे धावत सुटतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला ‘असं’ म्हणजे कसे, ते कळत नाही. आवाज बंद करून पाहणाऱ्याला हा गृहस्थ एकाएकी पळाला का, याचा पत्ता लागत नाही. कारण मागे घरघरणारी मोटर बंद पडली, हे फक्त कानांना कळते. एकाच प्रसंगात दोघे दोन वेगळ्या ठिकाणी अडतात.

आधी कॅप्शन घेऊ. व्हिडिओला हात न लावता शेजारी एक साधी मजकुराची फाइल करायची. तिच्यात प्रत्येक कॅप्शनचा क्रमांक, पडद्यावर येण्याची आणि जाण्याची वेळ आणि मजकूर असतो. वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग अशी लिहायची. आमच्या प्रसंगाच्या नोंदी अशा झाल्या :

```
31
00:02:14,000 --> 00:02:16,500
शेतकरी: पान असं धरायचं.

32
00:02:20,200 --> 00:02:22,000
अन् असं खुडायचं.

33
00:02:22,400 --> 00:02:24,600
[विहिरीवरची मोटर बंद पडते]
```

मुलांनी आधी उतरवलेल्या कॅप्शनमध्ये तिसरी नोंद नव्हती, कारण मोटर काही ‘बोलत’ नाही. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची नोंद तीच. मात्र प्रत्येक आवाज टिपत बसू नये. पाखरांचा किलबिलाट नसला तरी चालेल. ज्या आवाजामुळे कुणी काही करते, तो आलाच पाहिजे. बोलणारा पाठमोरा असेल तर त्याचे नाव किंवा ओळख हवी. आणि शेतकऱ्याचे ‘अन्’ शुद्ध करून ‘आणि’ लिहू नये. ऐकणाऱ्याला जी बोली मिळते, तीच वाचणाऱ्यालाही मिळावी.

फाइल साठवताना `UTF-8` हा प्रकार निवडावा. नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, आणि त्यांत थोडे अंतर असावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. मजकूर सावकाश एकदा वाचून होण्याआधी नाहीसा होत असेल, तर शब्द कमी करावेत.

वर्णनाचे काम याहून अवघड. चित्रपट तयार झालेला असतो, त्यात कुणी आपल्यासाठी जागा ठेवलेली नसते. दोन संवादांच्या मधल्या शांततेतच बोलायचे. वरच्या नोंदी पाहा : पहिले वाक्य १६.५ सेकंदांना संपते, दुसरे २०.२ला सुरू होते. हाती आले ३.७ सेकंद. सेकंदाला दोन शब्द धरले तर सात शब्द. मुलांनी लिहिले होते, ‘हिरव्यागार मळ्यात कष्टाळू शेतकरी प्रेमाने पान खुडत आहे.’ शब्द आठ, आणि त्यांत ‘असं’चे उत्तर नाही. कष्टाळू की कसे, ते ऐकणारा ठरवील. आम्ही ठेवले, ‘अंगठ्यातल्या लोखंडी नखीनं तो देठ तोडतो.’ सहा शब्द, आणि अर्धा सेकंद श्वासाला.

हे वाक्य वेगळे ध्वनिमुद्रित करून त्या जागी बसवायचे आणि तेवढ्यापुरता मूळ आवाज थोडा खाली आणायचा. पूर्ण बंद करायचा नाही, कारण देठ तुटल्याचा आवाजही ऐकणाऱ्याचाच आहे. मोटर बंद पडल्याचे वर्णनात सांगायचे नाही, ते त्याने ऐकलेलेच असते. ‘तो विहिरीकडे धावतो’ एवढे पुरे. पडद्यावर नुसती अक्षरे येतात, गावाचे नाव किंवा श्रेयनामावली, तीही वाचून दाखवावी लागतात. जिथे शांतता पुरतच नाही तिथे चित्र काही सेकंद थांबवता येते, पण मग व्हिडिओ लांबतो. म्हणून ही प्रत ‘वर्णनासह’ अशा नावाने वेगळी ठेवलेली बरी. नऊ मिनिटांना आमच्या दोन संध्याकाळी गेल्या.

झालेले काम तपासायचे कसे? आपण डोळे मिटून पाहणे पुरेसे नाही, कारण चित्र आपल्या मनात आधीच असते. गावातल्या एका निवृत्त मास्तरांची दृष्टी गेली आहे. त्यांना ऐकवले. ते म्हणाले, ‘नखी कळली. पण वेल कशावर चढलाय ते कुठं सांगितलंत?’ सुरुवातीच्या संगीतात चार सेकंद मोकळे होते, तिथे ‘वेल शेवरीच्या झाडांवर चढलेले’ हे बसले. शिवणकाम करणाऱ्या एका कर्णबधिर मुलीला कॅप्शन दाखवले. एका ठिकाणी दोघे एकाच वेळी बोलतात, तिथे कोणते वाक्य कुणाचे, असे तिने खुणेने विचारले. तिथे नावे घातली.

याला एक मर्यादा आहे. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी त्यांना दुसरी, शिकून घेतलेली. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेतला दुभाषा पडद्यावर लागतो. कॅप्शन म्हणजे त्याची बदली नव्हे.

तरीही माझा आग्रह असा, की हे काम शहरातल्या एखाद्या कंपनीवर सोडून मोकळे होऊ नये. सात शब्दांतला एक ‘नखी’ हा असला पाहिजे, हे ज्याने पानमळा पाहिला आहे त्यालाच सुचते. परका माणूस तिथे ‘एक अवजार’ म्हणेल, आणि ते चूकही ठरणार नाही. पण मास्तरांना मग अवजार मिळेल, पानमळा मिळणार नाही.