गल्लीतील चार माणसे आणि नागपूरचे मोहोरबंद लिफाफे

सन 1838. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फौजदारी न्यायालयापुढे हॉज नावाच्या एका माणसावर खुनाचा खटला उभा होता. बाजार आटोपून घरी परतणाऱ्या एका स्त्रीला गल्लीत गाठून ठार मारण्यात आले होते आणि तिच्याजवळचे पैसे लुटले गेले होते. खून होताना कोणीही पाहिले नव्हते.

हॉजविरुद्ध जे होते ते असे. तो त्या स्त्रीच्या चांगल्या परिचयाचा होता. खुनाच्या थोडे आधी तो त्या गल्लीजवळ दिसला होता. त्याच दिवशी, काही तासांनंतर, काही मैलांवर तो जमिनीत काहीतरी पुरताना दिसला. दुसऱ्या दिवशी ती जागा उकरली तेव्हा पैसे निघाले आणि ती रक्कम साधारणपणे त्या स्त्रीजवळ असावी तेवढीच भरली.

एवढे ऐकून बहुतेकांचा निकाल मनात लागून गेलेला असतो. पण याच खटल्यात आणखी दोन गोष्टी नोंदल्या गेल्या होत्या. त्याच सुमारास त्या गल्लीत आणखी चार माणसे एकत्र होती. आणि त्या स्त्रीजवळ नेमके किती पैसे होते, कोणत्या प्रकारची नाणी होती, हे कोणालाच निश्चित सांगता आले नाही.

न्यायाधीश बॅरन ऑल्डरसन यांनी ज्यूरीला बजावले की या सर्व गोष्टी आरोपीच्या अपराधाशी जुळतात एवढे पुरेसे नाही. त्या दुसऱ्या कोणत्याही तर्कसंगत निष्कर्षाशी जुळता कामा नयेत. मनुष्याच्या बुद्धीला तुकडे एकमेकांना जुळवण्यात आनंद वाटतो, आणि कल्पक बुद्धी तर उणी पडलेली कडी स्वतःच घडवून बसवते, असा धोक्याचा इशाराही त्यांनी दिला. ज्यूरीने हॉजला निर्दोष ठरवले.

परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी दोन प्रकारे तुटते. हॉजच्या खटल्यात तिचा एक प्रकार दिसतो: कड्या खऱ्या असतात, पण त्या दुसऱ्या कोणाच्या गळ्यातही तितक्याच बसतात. दुसरा प्रकार समजून घेण्यासाठी नागपूरला यावे लागते.

सन 1946. मध्यप्रांत व वऱ्हाडचे आबकारी आयुक्त होते हनुमंत गोविंद नरगुंदकर. सिवनी येथील डिस्टिलरी चालवण्याच्या ठेक्यासाठी सप्टेंबरमध्ये निविदा मागवण्यात आल्या. 9 नोव्हेंबरला मोहोरबंद लिफाफे आयुक्तांच्या हाती आले आणि 11 नोव्हेंबरला उघडलेल्या निविदा कार्यालयात पोहोचल्या. ठेका मिळाला तो नरगुंदकरांच्या एका स्नेह्याला, कारण त्याचे दर प्रतिस्पर्ध्याहून कमी होते.

सरकार पक्षाची कथा सरळ होती. आयुक्तांनी लिफाफे घरी नेले, उघडले, प्रतिस्पर्ध्याचे दर मित्राला सांगितले, मित्राची मूळ निविदा काढून टाकू दिली आणि तिच्या जागी कमी दरांची नवी निविदा ठेवू दिली. पुढे आणखी एक आरोप जोडला गेला: 20 नोव्हेंबर 1946 ही तारीख असलेले एक पत्र मागाहून तयार केलेले आहे, कारण ज्या टंकलेखन यंत्रावर ते टंकित झाले ते यंत्र त्या तारखेला नागपुरात आलेच नव्हते.

विशेष दंडाधिकाऱ्यांनी दोघांनाही कट आणि बनावट दस्तऐवज या आरोपांखाली दोषी ठरवले. सत्र न्यायाधीशांनी कटाचा आरोप रद्द केला, मात्र बनावट दस्तऐवजांची शिक्षा कायम ठेवली. हा निर्णय विचित्रच म्हणावा लागेल. सरकार पक्षाची सगळी कथा दोघांच्या संगनमतावर उभी होती. संगनमत गळाले तर निविदा बदलली कोणी आणि कशी? तरीही उच्च न्यायालयाने ही शिक्षा उचलून धरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

23 सप्टेंबर 1952 च्या निकालपत्रात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी कथा एकेका कडीने तपासली. लिफाफे घरी नेले, हे क्षणभर मान्य करू. मग ते तेथे उघडले, याला पुरावा काय? दर सांगितले, याला? मूळ निविदा नष्ट केली, याला? एकाही गोष्टीला प्रत्यक्ष पुरावा नव्हता. खालच्या न्यायालयांनी आयुक्तांचा ताबा आणि मित्राचे कमी दर या दोन टोकांवरून मधले सारे अनुमानाने भरून काढले होते. महाजनांनी येथे ऑल्डरसन यांचे 1838 चे शब्द उद्धृत केले आणि दोघांनाही निर्दोष सोडले. हॉजच्या कड्या सिद्ध होत्या, पण अपुऱ्या होत्या. नागपूरच्या मधल्या कड्या अस्तित्वातच नव्हत्या.

पुढे 1984 मध्ये पुण्यातील शरद बिरधीचंद सारडा खटल्यात न्यायमूर्ती फजल अली यांनी याच निकालाच्या आधारे पाच कसोट्या मांडल्या आणि त्यांना पंचशील म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी. ती केवळ अपराधाशीच सुसंगत असावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. तिने अन्य प्रत्येक शक्यता दूर करावी. आणि साखळी इतकी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. याच निकालातील एक मुद्दा मात्र सहसा कोणी सांगत नाही: आरोपीने दिलेले खोटे स्पष्टीकरण ही साखळीची कडी नव्हे. साखळी आधीच पूर्ण असेल तरच त्या खोटेपणाचे वजन तिच्यात पडते. भीतीने निर्दोष मनुष्यही खोटे बोलतो.

गंमत अशी की जेथे हा नियम जन्मला तेथेच तो पुढे सोडून दिला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1973 मध्ये म्हटले की ज्यूरीला अशी खास सूचना देण्याची गरज नाही. वाजवी संशयापलीकडे खात्री हवी, एवढे सांगणे पुरे. त्यांच्या दृष्टीने ते योग्यही असेल. ज्यूरी कारणे लिहीत नाही. तिला कड्यांचा हिशेब सांगून तो तपासणार कोण? भारतात न्यायाधीशाला कारणे लेखी द्यावी लागतात. त्यामुळे कोणती कडी कोणत्या साक्षीवर टेकली आहे आणि कोणती नुसत्या तर्कावर, हे वरचे न्यायालय निकालपत्रावर बोट ठेवून दाखवू शकते. नरगुंदकर खटल्यात नेमके तेच घडले. हा नियम भारतात टिकला तो परंपरेच्या प्रेमाने नव्हे, तर येथे तो वापरता येतो म्हणून. साक्षीदार नसला की शिक्षाच होत नाही, ही समजूतही चुकीची आहे. साखळी पूर्ण असेल तर या देशात फाशीसुद्धा झालेली आहे.

1952 च्या निकालात एक दुबळा भागही आहे. टंकलेखन यंत्राबद्दल तज्ज्ञाचे मत पुरावा कायद्यात ग्राह्य नाही, असे त्या पीठाने म्हटले होते. कायद्याचा हा अर्थ फार संकुचित होता आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो बाजूला सारला. म्हणजे तो खटला आज चालला असता तर तज्ज्ञ साक्षीला उभा राहिला असता. पण त्याने बोलले असते ते फक्त पत्राविषयी. दोन दिवसांत आयुक्तांच्या घरी लिफाफ्यांचे काय झाले, हे सांगणारे कोणीही तेव्हा नव्हते आणि त्या तज्ज्ञालाही ते सांगता आले नसते.