आधी शिखर बघा, नकाशा नंतर

‘उत्तरेत नागर, दक्षिणेत द्राविड, मधे वेसर.’ स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये मंदिरांचा धडा या एका ओळीवर उरकलेला असतो. ओळ पाठ केली की मार्क मिळतात, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. माझी आहे. हीच ओळ घेऊन नाशिकहून तीसेक किलोमीटरवर सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर उभे राहा, ती तिथेच अडखळते. आणखी पुढे वेरुळला गेलात, तर साफ तोंडावर आपटते. कारण वेरुळचं कैलास लेणं अस्सल द्राविड पद्धतीचं आहे आणि ते तमिळनाडूत नाही, आपल्या मराठवाड्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की, नागर आणि द्राविड हे शब्द नकाशावर शोधायचे नाहीत, ते शिखरावर वाचायचे. आणि ते वाचणं वाटतं तितकं अवघड नाही.

सुरुवातीला एक सवय लावून घ्यायची. मंदिरात सगळ्यात उंच काय आहे ते बघायचं नाही, गाभाऱ्याच्या बरोब्बर वर काय आहे ते बघायचं. बहुतेकांची गल्लत इथेच होते. दक्षिणेकडचं मंदिर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी मूर्तींनी भरलेला उंचच उंच मनोरा येतो. ते असतं गोपुर, म्हणजे आवाराचं प्रवेशद्वार. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात ही गोपुरं आभाळाला भिडलेली आहेत, पण खुद्द गाभाऱ्यांवरची विमानं त्यांच्यापुढे लहानशी दिसतात. तंजावरच्या बृहदीश्वराचं बरोबर उलटं आहे. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिरात गाभाऱ्यावरचं विमान सुमारे साठ मीटर उंच आहे आणि गोपुरं त्याच्यापेक्षा ठेंगणी. दोन्ही मंदिरं द्राविडच. म्हणजे गोपुराच्या उंचीवरून शैली ठरवणं हे सोसायटीच्या गेटवरून आतल्या फ्लॅटचा नकाशा सांगण्यासारखं आहे.

आता गाभाऱ्याच्या वरचा भाग. द्राविड विमान पाहिलं की मजले चढत गेलेले स्पष्ट दिसतात. खालचा मजला मोठा, त्यावरचा आत सरकलेला, त्यावरचा आणखी आत. प्रत्येक मजल्याच्या कडेला छोट्या छोट्या देवळांची रांग बसवलेली असते. कोपऱ्यात चौकोनी छपराचं देऊळ असतं, त्याला कूट म्हणतात. मधोमध पालथ्या होडीसारख्या छपराचं लांबट देऊळ असतं, ती शाला. अशा पायऱ्या चढत टोकाला पोचलं की घुमटासारखा एक भाग येतो आणि त्यावर कळस. गंमत म्हणजे द्राविड परंपरेत ‘शिखर’ हा शब्द फक्त या टोकाच्या घुमटासाठी वापरतात. आपण गाभाऱ्यावरच्या अख्ख्या उंचवट्याला शिखर म्हणतो. एकच शब्द, दोन अर्थ. पुस्तकं वाचताना अर्धा गोंधळ यातूनच होतो.

नागर शिखरात नजर आडवी थांबत नाही, ती सरळ वर जाते. गाभाऱ्याच्या भिंतीला जे उभे फुगवटे आणि खाचे असतात, तेच उभ्या पट्ट्यांसारखे वर चढत जातात आणि हळूहळू आत वळून एकत्र येतात. म्हणून ती लवलेली बाह्यरेषा. टोकाला घुमट नसतो, आवळ्यासारख्या खाचा असलेली दगडी चकती असते. तिचं नावच आमलक, म्हणजे आवळा. त्यावर कळस. त्र्यंबकेश्वराच्या शिखराकडे असं बघा. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलेलं हे बांधकाम १७८६ पर्यंत चाललं होतं. मुख्य शिखराच्या अंगाला त्याच्याच छोट्या प्रतिकृती बिलगलेल्या आहेत. त्या कितीही असल्या, तरी नजर कुठल्या मजल्यावर अडत नाही, टोकापर्यंत जाते.

इथे एक बारीक गोष्ट कळली की हा विषय एकदम आवडायला लागतो. नागर शिखरालाही मजले असतात! जुन्या साध्या नागर शिखराचे कोपरे नीट बघितले, तर ठरावीक अंतरावर छोटे छोटे आमलक बसवलेले दिसतात. तो प्रत्येक आमलक म्हणजे एक मजला संपल्याची खूण. म्हणजे दोन्हीकडच्या कारागिरांच्या डोक्यात कल्पना एकच होती, देवाचा अनेक मजली प्रासाद. एकाने मजले उघड दाखवले, दुसऱ्याने ते इतके दाबून बसवले की त्यांची एक वळलेली रेषा झाली.

हे डोक्यात ठेवून आता सिन्नरला चला. सिन्नर हे यादवांचं सुरुवातीचं ठाणं आणि गोंदेश्वर हे त्यांच्याच काळातलं मंदिर. मधोमध शंकराचं मुख्य देऊळ, समोर नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांची छोटी देवळं. असं हे पंचायतन आहे. मुख्य शिखराकडे पाहिल्यावर नोट्सवाला विद्यार्थी हमखास गडबडतो. कारण शिखरावर छोट्या छोट्या देवळांच्या आडव्या रांगा एकावर एक चढलेल्या दिसतात. मजले दिसतात, छोटी देवळं दिसतात. मग हे द्राविड म्हणायचं का? दुसरा म्हणतो, दोन्हीचं थोडं थोडं दिसतंय, लिहून टाक ‘वेसर’.

घाई करू नका. पहिली खूण, शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक रुंद उभी पट्टी आहे. तिला लता म्हणतात. जाळीसारख्या कोरीव कामाने भरलेली ही पट्टी तळापासून वरपर्यंत अखंड जाते आणि जाता जाता आत वळते. द्राविड विमानात अशी न तुटणारी पट्टी सापडत नाही, तिथे प्रत्येक मजला तिला कापतो. दुसरी खूण म्हणजे रांगांमधली ती छोटी देवळं. त्यांना ना कूटाचं छप्पर आहे, ना शालेचं. ती बुटक्या खांबांवर बसवलेली इवली इवली नागर शिखरंच आहेत. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत ती माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि वर जाताना लहान होत जातात. तिसरी खूण टोकाशी, तिथे घुमटाऐवजी आमलकाची जागा. म्हणजे घराणं नागरच, फक्त त्याची एक वेगळी शाखा. तिचं नाव भूमिज. भूमी म्हणजे मजला. आडव्या रांगा मोजल्या की शिखर किती ‘भूमी’चं आहे ते कळतं. पाच, सात, नऊ असे आकडे नेहमी भेटतात. गोंदेश्वराच्या रांगा मात्र मी इथे सांगणार नाही, त्या तिथे उभं राहून मोजायच्या.

अजून एक चकवा आहे. गाभाऱ्यापुढच्या मंडपाचं छप्पर थराथरांनी चढत जातं. फोटो मंडपाच्या बाजूने काढला की आधी हे थरच दिसतात आणि माणूस ‘पायऱ्या आहेत, म्हणजे दक्षिणेची शैली’ असा निकाल देऊन मोकळा होतो. पण पहिली सवय आठवा, शैलीचा निकाल मंडपावरून लागत नाही.

भूमिज शिखरं माळव्यात परमारांच्या काळात बहरली आणि आपल्याकडेही भरपूर बांधली गेली. मध्य प्रदेशातलं उदयपूरचं उदयेश्वर, ठाण्याजवळचं अंबरनाथ आणि आपल्याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं झोडग्याचं माणकेश्वर ही सगळी त्याच गोतावळ्यातली. भोज राजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात भूमिज मंदिरांची वेगळी चर्चा आहे. म्हणजे ज्यांनी ती बांधली, त्यांच्याकडे या प्रकाराला नाव होतं. आपण मात्र ते विसरलो आणि सगळ्या जुन्या काळ्या दगडी देवळांना सरसकट ‘हेमाडपंथी’ म्हणू लागलो.

या शब्दावर माझा खरा राग आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख १०६० सालचा, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी तेही ‘हेमाडपंथी’! शिवाय हा शब्द फार तर दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत एवढं सांगतो. शिखर कसं आहे याबद्दल तो काहीच बोलत नाही. भिंत कशी रचली, हे सांगून शिखर कसं आहे या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आणि वेरुळ? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कैलास लेणं डोंगरातून वरून खाली कोरलं गेलं. गाभाऱ्याच्या वर बघा. मागे सरकत गेलेले मजले, त्यांच्या कडेला कूट आणि शाला, टोकाला घुमट. पुस्तकातलं द्राविड विमान जसंच्या तसं. प्रवेशाचं गोपुर मात्र बुटकं आहे, त्यामुळे गोपुर शोधत येणाऱ्याला ते ओळखूच येत नाही. त्याची रचना कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी खूप जुळते. ते त्याआधी काही वर्षंच, चालुक्य राणी लोकमहादेवीने बांधवून घेतलेलं. त्याच पट्टदकलमध्ये, विरूपाक्षापासून हाकेच्या अंतरावर, गळगनाथाचं लवलेलं नागर शिखरही उभं आहे. एकाच आवारात दोन्ही पद्धती. रेघ मारायची तर कुठे मारणार?

उत्तर-दक्षिण ही विभागणी निव्वळ खोटी आहे, असं मी म्हणत नाही. तमिळनाडूत द्राविड आणि उत्तर भारतात नागर मंदिरं बहुसंख्य आहेतच. पण आपण दख्खनवाले. आपल्याकडे राजे बदलले, कारागीर फिरले आणि दोन्हीकडच्या पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या विद्यार्थ्याचं त्या एका ओळीवर भागेल, नाशिकच्या विद्यार्थ्याचं नाही.

म्हणून कॉलेजच्या ट्रिपला माझी सूचना आहे. सिन्नरला गेलात की ग्रुप फोटोच्या आधी दहा मिनिटं मुख्य देवळाभोवती एक फेरी मारा. गाभारा कुठे आहे ते ठरवा, त्याच्या वर बघा, उभी पट्टी शोधा, रांगा मोजा, टोक बघा. मग वहीत शैलीचं नाव लिहा. परीक्षेत ‘नागर की द्राविड’ असा प्रश्न आला, तर उत्तरात भूमिज हा शब्द आणि गोंदेश्वराचं उदाहरण ठोकून द्या. तपासणारा चक्रावला, तर त्यालाही एकदा सिन्नरला जाऊ द्या.