विश्लेषण : गर्भवतीची रक्तदाबाची गोळी का बदलावी लागते?

समजा, एकतीस वर्षांची एक महिला दोन वर्षांपासून रोज टेल्मिसार्टनची गोळी घेते. रक्तदाब आटोक्यात आहे. सहाव्या आठवड्यात गर्भधारणा लक्षात येते आणि डॉक्टर पहिल्याच भेटीत ती गोळी बंद करून लॅबेटॅलॉल सुरू करतात. जी गोळी आईला मानवत होती, तीच आता नको का?

बाळाच्या मूत्रपिंडाचा प्रश्न

टेल्मिसार्टन, लोसार्टन आणि एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे अँजिओटेन्सिन या संप्रेरकाची साखळी अडवतात. ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. बाळाच्या मूत्रपिंडात रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब याच संप्रेरकामुळे टिकतो. तो अडला की लघवी कमी होते. आणि साधारण पाचव्या महिन्यापासून गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. पाणी आटले की फुप्फुसांची वाढ खुंटते, कवटीची हाडे नीट भरत नाहीत, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सर्वाधिक धोका दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत असतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत गोळी पोटात गेली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र ती लगेच बदलायला हवी. पण स्वतःहून नुसती बंद करणेही चूक.

पर्याय कोणते?

लॅबेटॅलॉल, लांब काळ काम करणारी निफेडिपिन आणि मिथिलडोपा. दमा असेल तर लॅबेटॅलॉल टाळतात. मिथिलडोपाचा अनुभव सर्वांत जुना, पण तिने सुस्ती येते. बीटा ब्लॉकर गटातली अटेनोलॉल मात्र बाळाची वाढ मंदावते म्हणून नको.

जुना की गरोदरपणातला?

२० आठवड्यांआधी १४०/९० किंवा जास्त आढळला तर तो जुना रक्तदाब. त्यानंतर प्रथमच वाढला, लघवीत प्रथिने किंवा इतर अवयवांवर परिणाम नसेल, तर गरोदरपणातला. गोम अशी की मधल्या महिन्यांत रक्तदाब नैसर्गिकरीत्या उतरतो. एखादी महिला थेट १८व्या आठवड्यात तपासणीला आली आणि १२४/७८ भरला, तर जुना आजार झाकला जातो. २८व्या आठवड्यात १४६/९४ झाला की नोंद 'गरोदरपणातला' अशी होते. म्हणून आठव्या-दहाव्या आठवड्यातली एक नोंद मोलाची.

जुन्या सौम्य रक्तदाबावर औषध द्यावे का, यावर बरीच वर्षे मतभेद होते. दाब फार उतरवला तर बाळाला रक्त कमी पडेल, ही भीती. अमेरिकेतील 'चॅप' चाचणीने २०२२ मध्ये ती बरीचशी दूर केली. सुमारे २,४०० महिलांपैकी १४०/९०च्या खाली ठेवलेल्या गटात गंभीर गुंतागुंत ३० टक्के, तर दुसऱ्या गटात ३७ टक्के होती. बाळांचे वजन घटले नाही. दाब १६०/११० झाला, किंवा तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे, बरगडीखाली दुखणे जाणवले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

प्रसूतीनंतर एनालाप्रिल पुन्हा चालते, स्तनपान सुरू असले तरी. १२ आठवड्यांनीही दाब चढाच राहिला, तर तो जुनाच होता, असे तेव्हा कुठे ठरते.