सातव्या पावलापर्यंत

गेल्या मार्गशीर्षात इंदूरला माझ्या भाचीचं लग्न झालं. नवरा मुलगा तिथल्याच हिंदीभाषक घरातला. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि नेहमीप्रमाणे निम्मी मंडळी जेवणाकडे वळली. मांडवात उरलो आम्ही पंधरा-वीस माणसं. कार्यालय चार वाजता रिकामं करायचं होतं, म्हणून भाऊजी गुरुजींना हळूच म्हणाले, "सात फेरे झालेच आहेत ना, मग पुढचं जरा आटोपतं घ्या." गुरुजींनी शांतपणे उत्तर दिलं, "फेरे झाले. पावलं अजून व्हायची आहेत."

हा गोंधळ आपल्याकडे, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा भागात वाढलेल्या मुलामुलींमध्ये, अगदी सहज होतो. हिंदी सिनेमात सात फेरे आणि सात वचनं असतात. गुजराती लग्नात चार फेरे असतात. आपल्याकडे लाजाहोमात लाह्यांची आहुती देताना वधूवर अग्नीभोवती फिरतात ते वेगळं, आणि सप्तपदी वेगळी. सप्तपदीत गोल फिरायचं नसतं, पुढे चालायचं असतं. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी एका ओळीत मांडतात, बहुतेक घरी प्रत्येकीवर एक सुपारी ठेवतात. वर वधूचा हात धरतो आणि ती एकेका राशीवर उजवं पाऊल टेकवत ईशान्येच्या बाजूला जाते. अन्नावर पाय नको म्हणून काही ठिकाणी नुसता अंगठा लावतात. डावं पाऊल उजव्याच्या पुढे टाकू नये, अशी जुन्या ग्रंथांत सूचना आहे.

त्या सात पावलांत वचनं कोणती? मूळ मंत्र फार छोटे आहेत. प्रत्येक पावलाला फक्त एक शब्द येतो, ते पाऊल कशासाठी हे सांगणारा. पहिलं 'इष' म्हणजे अन्नासाठी. दुसरं 'ऊर्ज' म्हणजे अन्नातून अंगात येणाऱ्या ताकदीसाठी. तिसरं 'रायस्पोष', यातल्या 'पोष' शब्दाकडे लक्ष द्या. नुसता पैसा मिळवणं नव्हे, तर आहे ते सांभाळून वाढवणं. चौथं सुखासाठी. पाचवं संततीसाठी. सहावं ऋतूंसाठी, म्हणजे सहा ऋतूंत येणाऱ्या सगळ्या दिवसांसाठी, उन्हाळ्यासाठी तसंच पावसाळ्यासाठीही.

हा क्रम पाहिला की लक्षात येतं, हा संसाराचा हिशेब आहे. आधी चूल, मग प्रकृती, मग बचत, आणि त्यानंतर सुख. सुखाचा नंबर चौथा आहे, हे मला फार व्यवहारी वाटतं.

हे शब्द सगळ्या घरांत अगदी सारखे नसतात. ऋग्वेदी कुटुंबांत आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे विधी होतो, तिथे पाचवं पाऊल प्रजेसाठी. माध्यंदिन शाखेच्या शुक्ल यजुर्वेदी घरांत पारस्कर गृह्यसूत्र चालतं, तिथे पाचवं पाऊल पशूंसाठी, म्हणजे गाईगुरांसाठी. तेव्हा तुमच्या मैत्रिणीच्या लग्नात वेगळा शब्द ऐकलात, तर गुरुजी चुकले असं समजू नका.

आता सातवं पाऊल. इथे अन्न नाही, धन नाही, मुलंही नाहीत. इथे वर वधूला म्हणतो, की या सातव्या पावलाने तू माझी सखा हो. पत्नी, गृहिणी किंवा लक्ष्मी हे शब्द तिथे नाहीत, मैत्रीचा शब्द आहे. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री जुळते ही समजूत आपल्या भाषांत इतकी जुनी आहे, की 'साप्तपदीन' हा शब्द मैत्री या अर्थाने पाणिनीच्या व्याकरणातही येतो.

आणि सावित्री आठवा. सात जन्मांचं मागणं आपल्याकडे वटपौर्णिमेशी जोडलेलं आहे, सप्तपदीच्या मंत्रांत जन्मोजन्मीचा उल्लेखही नाही. पण महाभारतातली सावित्री यमाच्या मागे चालत जाते तेव्हा बोलण्याची सुरुवात कशी करते? सात पावलं बरोबर चालल्याने मैत्री होते असं जाणते सांगतात, आणि त्या मैत्रीच्या नात्याने मी तुमच्याशी बोलते, असं ती म्हणते. साक्षात यमाला थांबून ऐकावं लागलं, ते या सात पावलांमुळे.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. हे मंत्र वराच्या तोंडचे आहेत, आणि सातव्या पावलाला मैत्रीच्या जोडीने 'अनुव्रता हो', म्हणजे माझ्या व्रतामागून चाल, असंही मागणं आहे. भाचीने आदल्या दिवशी गुरुजींना नेमकं हेच विचारलं, "गुरुजी, मी काहीच बोलायचं नाही का?" गुरुजी हसले. म्हणाले, "मंत्र मी नेहमीप्रमाणे म्हणेन. प्रत्येक पावलानंतर थांबेन. तुम्ही दोघांनी आपापल्या शब्दांत एकेक वाक्य बोला." पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने होणाऱ्या विवाहांत अर्थ मराठीत सांगतात आणि दोघांनाही बोलायला लावतात, तेव्हा यात नवीन असं काही नाही. फक्त आधी विचारावं लागतं. मांडवात बसल्यावर नव्हे, चार दिवस आधी.

घाईत सप्तपदी गाळली तर काय बिघडतं? याला कायद्याचंही उत्तर आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातलं सातवं कलम सांगतं, की दोघांपैकी एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतात, पण त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. अक्षता पडल्यावर नाही, मंगळसूत्र घातल्यावरही नाही. ज्या समाजाच्या रूढीत सप्तपदीच नाही, त्यांना ही अट लागू नाही. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं तर त्याने या कायद्याखाली विवाह होत नाही. म्हणून 'फोटोपुरते' दोन राशींवर पाय ठेवून उठू नका.

तर, त्या दिवशी भाऊजी गप्प बसले आणि राशी मांडल्या गेल्या. तिसऱ्या पावलाला जावई म्हणाला, "कर्ज काढायचं झालं तर एकमेकांना विचारून." लोक हसले. पाचव्या पावलाला भाची म्हणाली, "मुलं कधी, हे आम्ही दोघं ठरवू," तेव्हा दोन्हीकडच्या आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सहाव्याला तो म्हणाला, "तुझ्या बाबांच्या आजारपणात मी बरोबर असेन." भाऊजींची बायपास सहा महिन्यांपूर्वीच झाली होती. घड्याळाकडे बघणारे भाऊजी खाली मान घालून उभे राहिले.

सातव्या राशीपाशी दोघंही क्षणभर थांबले. मग भाची म्हणाली, "भांडले तरी बोलणं बंद करणार नाही." तो म्हणाला, "मीही." गुरुजींनी दोघांची डोकी जवळ आणून कलशातलं पाणी शिंपडलं.

सगळं मिळून बारा मिनिटं लागली. कार्यालय सव्वाचारला रिकामं केलं, आणि व्यवस्थापक एक शब्दही बोलले नाहीत.