ओळख नसलेल्यांसाठी नोंद

हळदीचा हंगाम सुरू झाला की वसमतच्या बाजारात हिशेबाला माणूस लागतो. त्याच वसमतमध्ये बी.कॉम. झालेला आपला मुलगा मात्र बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात 'नाही' असे लिहून मोकळा होतो. संगणक शाखेचा मुलगा स्वतः केलेला प्रोजेक्ट दाखवतो. कला-वाणिज्याच्या मुलाने काय दाखवायचे? प्रस्थापितांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, त्याच्यासाठी मामा-काकाचा एक फोन पुरतो. आपल्या मुलामागे असा फोन नाही. म्हणून त्याने केलेल्या कामाची नोंद हीच त्याची ओळख झाली पाहिजे.

2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. पदवीधराला सहा महिने काम आणि महिना दहा हजार रुपये विद्यावेतन, असे तिचे स्वरूप होते. प्रशिक्षण संपले म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. अशा प्रशिक्षणातून हाती राहते ते प्रमाणपत्र, आणि ते बहुधा एवढेच सांगते की हा मुलगा अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत येथे होता. त्याने लेखे तपासले की चहा आणला, हे त्यावरून कळत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचेही तेच. दोन वर्षांचे 240 तास कागदावर दिसतात, त्या तासांत काय केले ते दिसत नाही.

उपाय साधा आहे. एक वही घ्यावी. रोज संध्याकाळी त्यात तारीख, केलेले काम, त्याची संख्या आणि ते कोणी तपासले, या चार गोष्टी लिहाव्यात. काम सोडण्याआधीच साहेबांकडून कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र मागून घ्यावे. वर्षभराने गेल्यावर साहेब बदललेले असतात.

समजा, एका मुलीने आडत दुकानात सहा महिने काम केले. तिने बायोडाटात 'मेहनती, प्रामाणिक, टॅलीचे ज्ञान' असे लिहिले, तर तेच शब्द दुसऱ्या पन्नास अर्जांतही असतात. त्याऐवजी तिने असे लिहावे: 'सहा महिने रोज सुमारे 30 हिशेबपट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टी तोलपावतीशी ताडली, महिनाअखेर रोकडवही बँकेच्या खात्याशी जुळवली.' आकडा मात्र वहीतला हवा, मनातला नको. कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला आहे: पट्टी जुळली नाही तर काय करायचीस?

जिने काम केले आहे ती सांगेल, की तोलपावतीवर 462 किलो होते आणि पट्टीवर 426 पडले. फरक आला 36. फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो, तेव्हा दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याचा संभव असतो. म्हणून आधी तेच पाहिले आणि चूक सापडली. शेतकऱ्याचे 36 किलोचे पैसे वाचले. एवढे एक उदाहरण दहा विशेषणांना भारी पडते. खोटी ओळ लिहिणारा नेमका याच प्रश्नाला अडखळतो.

कला शाखेच्या मुलानेही 'समाजशास्त्र, प्रथम श्रेणी' एवढ्यावर थांबू नये. अभ्यासक्रमासाठी त्याने वस्तीतल्या 40 घरांची पाहणी केली असेल, तर प्रश्नावली कोणी तयार केली, किती घरांनी उत्तर दिले, तक्ते कसे मांडले, हे त्याने लिहावे. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला हेच काम येणारा माणूस हवा असतो.

आता नाजूक मुद्दा. आपली कितीतरी मुले भीमजयंती समितीचे खजिनदार असतात. पावतीपुस्तक सांभाळणे, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर ठेवणे, शेवटी हिशेब वस्तीसमोर मांडणे, हे अस्सल वाणिज्याचे काम आहे. ते बायोडाटात लिहावे का? भीती निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाली.

तरीही आमचे मत आहे की लिहावे. समितीचे नाव गाळले तरी आडनाव तिथेच राहते. गळते ते फक्त आपले काम. मात्र 'समाजकार्याची आवड' असे न लिहिता जमा किती, खर्च किती, व्हाउचर किती आणि हिशेब कोणी तपासला, हे लिहावे. बायोडाटा नीट लिहिल्याने जातीचा पूर्वग्रह संपणार नाही, त्याविरुद्धची लढाई वेगळी आहे. पण 'अनुभव नाही' हे कारण तरी त्यांच्या हाती राहणार नाही.

समित्यांनीही आपले काम करावे. जयंतीचा हिशेब मिटला की खजिनदाराला सत्काराच्या शालीबरोबर त्याच्या कामाचे, आकड्यांसह सही-शिक्क्याचे पत्र द्यावे.